मुलाखतीनंतरचे गुण: निकषांच्या कागदावर की अनुभवी नजरेवर?

प्रश्नकर्ता, उद्यमबाग

आमच्या यंत्रशाळेत गुणवत्ता तपासनीसाच्या जागेसाठी आम्ही तिघांनी सहा जणांच्या मुलाखती घेतल्या. नंतर चहा घेताना माझे भागीदार "पहिला मुलगा चुणचुणीत आहे" एवढेच म्हणाले आणि चर्चा तिथेच संपली. पुढच्या वेळी निकष ठरवून गुण द्यावेत असे मला वाटते. त्याने निवड खरोखर सुधारते, की नुसता कागद वाढतो?

फौंड्रीतील जुना माणूस

मी अठ्ठावीस वर्षे माणसे घेत आलो आहे आणि माझे मत स्पष्ट आहे. माणूस मायक्रोमीटर हातात कसा धरतो, रॅचेट वापरतो की थिंबल आवळतो, एवढे पाहिले की मला पुरते. गुणांचा तक्ता करणाऱ्याला काम माहीत नसते म्हणून तो तक्ता करतो. तक्त्यात शंभरपैकी नव्वद मिळवलेला मुलगा माझ्याकडे आठ दिवसही टिकला नव्हता.

मनुष्यबळ व्यवस्थापक, बेळगाव

वरील गृहस्थांचे निम्मे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. रॅचेट वापरतो की नाही हे पाहणे म्हणजे निकष लावणेच होय; तो फक्त त्यांच्या डोक्यात आहे आणि शेजारी बसलेल्या दुसऱ्या परीक्षकाला दिसत नाही. घोटाळा होतो तो त्यानंतर. एक गोष्ट आवडली की बाकीच्या साऱ्याच गोष्टी चांगल्या दिसू लागतात. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी 1920 मध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्या माणसांना दिलेले गुण तपासले, तेव्हा शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व अशा वेगवेगळ्या गुणांचे आकडे एकमेकांशी संशय यावा इतके जुळलेले त्यांना आढळले होते. तुमच्या भागीदारांच्या "चुणचुणीत" या एका शब्दात तेच घडले आहे.

आता तुमचीच जागा घेऊ. चार निकष पुरेत: ड्रॉइंग वाचणे, माप घेणे, दोष सापडल्यावर काय केले, आणि नोंदी. प्रत्येकाला एक ते पाच गुण असावेत, पण एक, तीन आणि पाच म्हणजे काय हे मुलाखतीआधी वाक्यात लिहून ठेवावे. मापासाठी उमेदवारापुढे 25 एच7 चा बुश, डायल बोअर गेज आणि मायक्रोमीटर ठेवा. त्याने गेज तसेच आत घालून आकडा सांगितला तर एक. मायक्रोमीटर 25 वर लावून त्यावर गेजचा शून्य जुळवला, पण बोअरमध्ये गेज स्थिर धरून पहिला दिसला तोच आकडा सांगितला तर तीन. शून्य जुळवला, गेज मागेपुढे झुलवून सर्वांत लहान आकडा घेतला, दुसऱ्या दिशेनेही मोजले आणि शून्य ते 21 मायक्रॉनच्या टॉलरन्समध्ये माप बसते की नाही हे सांगितले, तर पाच. दोषाच्या प्रश्नात "सुपरवायझरला सांगतो" एवढ्या उत्तराला एक. स्वतःवर घडलेला प्रसंग सांगून खराब नग बाजूला काढल्याचे सांगितले तर तीन. मशीन थांबवून शेवटच्या चांगल्या नगापर्यंतचा सगळा माल मागे जाऊन तपासला असेल तर पाच.

समजा, तुमच्या चुणचुणीत मुलाला याच क्रमाने 4, 2, 2, 4 मिळाले, म्हणजे 12. आणि अडखळत बोलणाऱ्या खानापूरच्या आयटीआय झालेल्या मुलाला 3, 5, 5, 3, म्हणजे 16. तिसऱ्या परीक्षकाने मात्र पहिल्याला 4, 4, 4, 4 दिले आहेत. अशी सरळ रांग दिसली की त्याचा पुरावा लिहिण्याचा रकाना वाचावा. मापापुढे "आत्मविश्वास चांगला" असे लिहिले असेल, तर तो गुण मापाचा नाही. म्हणून तिघांनीही प्रत्येक निकषाचा गुण त्या प्रश्नाचे उत्तर संपताच लिहावा आणि कागद जमा होईपर्यंत एकमेकांशी उमेदवाराविषयी एक शब्दही बोलू नये. चहा त्यानंतर घ्यावा.

निपाणीतील शिक्षिका

मला वाटते की हे गुण उमेदवाराला दाखवायलाच हवेत, नाहीतर सगळे व्यर्थ आहे. माझ्या धाकट्या बहिणीची एका पतसंस्थेत मुलाखत झाली. हिशेबाचे प्रश्न तिने बरोबर सोडवले. मग तिला कन्नडमधून काही विचारले, ती थोडी थांबून बोलली, आणि शेवटी कळले की "संवादकौशल्य कमी" म्हणून ती गळली. ते काम तिजोरीच्या नोंदींचे होते, खातेदारांशी बोलण्याचे नव्हते.

मनुष्यबळ व्यवस्थापक, बेळगाव

ताई, गुण उमेदवाराला दाखवावेत की नाही हा मूळ प्रश्न नव्हता, पण आपण मांडलेला प्रसंग आपल्या भागासाठी फार महत्त्वाचा आहे. "संवाद" हा निकष ढोबळ ठेवला की त्यात भाषा, उच्चार, गाव आणि आडनाव हे सगळे शिरते, आणि शिरल्याचे कोणाला कळतही नाही. कामाला कन्नड लागत असेल, उदाहरणार्थ बैलहोंगल किंवा गोकाककडच्या कामगारांना तोंडी सूचना द्यायच्या असतील, तर कन्नड हा वेगळा निकष जाहिरातीतच लिहावा आणि त्याची पातळीही ठरवावी. लागत नसेल, तर उमेदवाराने त्याला सोयीच्या भाषेत उत्तर द्यावे आणि भाषेचा गुण कोठेच नसावा.

सौहार्द संस्थेतील लेखापाल

मला या पद्धतीवर विश्वास नाही, कारण ती पाळताना मी स्वतः पाहिली आहे. परीक्षक आधी मनात माणूस ठरवतात, मग बेरीज ठरवतात आणि शेवटी ती बेरीज जमेल असे गुण रकान्यांत भरतात. खाडाखोड नेहमी एकाच उमेदवाराच्या कागदावर असते. वर्षाला दोनच माणसे घेणाऱ्या कारखान्याने एवढा खटाटोप कशासाठी करावा?

मनुष्यबळ व्यवस्थापक, बेळगाव

उलट्या बाजूने भरलेले कागद मीही पाहिले आहेत. ते टाळण्यासाठीच गुण जागच्या जागी, पेनने लिहावेत आणि बेरीज परीक्षकाने करू नये, ती कार्यालयातील दुसऱ्या कोणी करावी. एवढ्यानेही ते पूर्ण थांबत नाही हे मान्य आहे.

मनाच्या कौलाबद्दल मात्र एक गोष्ट सांगावीशी वाटते. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांनी 1955 मध्ये इस्रायली सैन्यासाठी मुलाखतीची पद्धत बदलली. सहा गुणविशेष ठरवले, आणि एकाचे गुण लिहिल्याशिवाय दुसऱ्याकडे जायचे नाही असा नियम केला. मुलाखतकार नाराज झाले, आम्हाला यंत्र करता का असे म्हणाले, तेव्हा कानेमन यांनी त्यांना शेवटी डोळे मिटून एक अंदाजी गुणही द्यायला सांगितले. सहा गुणांची बेरीज जुन्या मुलाखतींपेक्षा खूपच चांगली ठरली आणि तो शेवटचा अंदाजही तिच्या तोडीचा निघाला. म्हणजे नजर निकामी नाही, पण तिची पाळी शेवटी यावी.

फौंड्रीतील जुना माणूस

हे मला पटण्यासारखे आहे. तरी एक दुरुस्ती सुचवतो. बेरजेवर मी कधीच जाणार नाही. खराब नग लपवणारा माणूस ड्रॉइंग कितीही उत्तम वाचो, मला नको. दोषाच्या प्रश्नात ज्याला एक मिळेल, त्याची बेरीज करूच नये.

सौहार्द संस्थेतील लेखापाल

मग तो एक गुण देणाऱ्याच्या हातात सगळी निवड गेली. हीच माझी शंका आहे.

प्रश्नकर्ता, उद्यमबाग

पुढच्या महिन्यात दोन जागा भरायच्या आहेत. बुश आणि बोअर गेज टेबलावर ठेवणार आणि तिघांना वेगळे कागद देणार. दोषाच्या प्रश्नाला किमान पात्रता ठेवायची की नाही हे भागीदारांशी बोलून ठरवेन. एकच विचारतो, एकाला 15 आणि दुसऱ्याला 16 आले तर?

मनुष्यबळ व्यवस्थापक, बेळगाव

तिघांच्या गुणांत एवढा फरक सहज पडतो, म्हणून ते दोघे सारखेच समजा. दोघांनाही एकेक दिवस तपासणीच्या टेबलावर पगारी बसवा, आणि तेव्हा ज्येष्ठांनी त्यांची नजर जरूर वापरावी.