मदत हवी आहे: ज्युनिअरच्या रिपोर्टवर लेखी शेरा कसा लिहावा?

नमस्कार. ज्युनिअर सहकाऱ्याने पाणी तुंबण्याच्या तक्रारींवर 14 पानी रिपोर्ट केला आहे. मुख्य निष्कर्ष असा: जुलैमध्ये 120 तक्रारी, नोव्हेंबरमध्ये 30, म्हणजे नालेसफाईमुळे 75 टक्के घट. पण मुंबईत नोव्हेंबरपर्यंत पाऊसच ओसरलेला असतो. आकडे बरोबर आहेत, तुलना चुकली आहे. तक्ते मात्र खरंच नेटके आहेत.

"विश्लेषण वरवरचं वाटतं" असं लिहिलं तर नेमकं काय बदलायचं ते कळत नाही आणि शेरा माणसावर जातो. म्हणून हा मसुदा केला आहे:

"पान 4, तक्ता 2: ही घट पाऊस थांबल्यामुळेही असू शकते, त्यामुळे श्रेय नालेसफाईला देता येत नाही. गेल्या वर्षीच्या जुलैशी तुलना करून दोन्ही महिन्यांचा पाऊस शेजारच्या रकान्यात द्यावा. तक्त्याची मांडणी आहे तशीच ठेव."

वाक्याचा कर्ता "तू" नसून "घट" आहे, हे मुद्दाम केलं आहे. शुद्धलेखनाच्या वीसेक चुका वेगळ्या प्रतीत दाखवेन. एकाच फाइलमध्ये लाल खुणांची गर्दी झाली की मोठी चूक त्यात हरवते आणि वाचणारा आधीच खचतो.

अडलंय ते इथे: निष्कर्षच बदलणार असल्याने आधी समोर बसून बोलावं आणि मग शेरा पाठवावा, की उलट? आणि "देता येत नाही" हे फार कठोर वाटतं का? मवाळ केलं तर दुरुस्ती ऐच्छिक वाटेल, अशी भीती आहे.