दोन पत्रिकांमधला गुरू: मदत हवी आहे

भाचीच्या स्थळाची पत्रिका पाहतोय. तिचा गुरू कर्केत १२ अंशांवर, मुलाचा चंद्र मीनेत १४ वर. गुरूची नववी दृष्टी थेट चंद्रावर येते. चंद्र म्हणजे मन आणि गुरू म्हणजे विस्तार, ज्ञान, म्हणून तिच्या सहवासात त्याला आधार मिळेल, दोघं एकमेकांना वाढवतील, असं वाचलं जातं. इथवर पटतं.

पण त्याचा शुक्र मकरेत १३ अंशांवर, म्हणजे याच गुरूच्या समोर. ही प्रतियुती औदार्य धरायची की उधळपट्टी आणि न झेपणारी आश्वासनं?

शिवाय गुरू राशीत सुमारे वर्षभर असतो, तिच्या वर्गातल्या बऱ्याच मुलींचाही कर्केतच असणार. मग फक्त अंशात्मक जवळीक धरता का? किती अंशांपर्यंत? गुणमिलनात तर हे येतच नाही. जाणकारांनी सांगावं.