दिराच्या हातावर फिकट चट्टा, कोड म्हणायचं की शिबं? कोणाला दाखवावं?

देवगडची_सून
नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. माझे धाकटे दीर, वय २६, काजूच्या कारखान्यात कामाला आहेत. उजव्या हाताला कोपराच्या खाली बाहेरच्या बाजूला फिकट चट्टा आलाय, साधारण दोन रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा, गेल्या शिमग्याच्या आधीपासून आहे म्हणजे बरेच महिने झाले. खाज नाही, दुखत नाही. मेडिकलवाल्याने गजकर्णाची ट्यूब दिली ती दोन-तीन संपवल्या, काही फरक नाही. सासूबाई म्हणतात कोड आहे, आता लग्न कसं जमणार, म्हणून कोणाला सांगू नका, बाही खाली ओढून फिरतात बिचारे. परवा बाष्पाच्या पाइपाला हात लागून तिथेच फोड आला आणि त्यांना कळलंच नाही, घरी आल्यावर मी बघितलं. म्हणून मला कसंतरी वाटतंय. रत्नागिरीला नेऊ की कणकवलीला, की इथेच कोणाला दाखवू?

बाबल्या_मालवण
गो बाय, शिबां असतली ती. पावसात आमच्याकडे अर्ध्या गावाक होतत. टाकळ्याचो पालो वाटून लाव, माझ्या झिलाच्या पाठीर होती ती गेली. भियां नको.

कोकणकन्या७९
मला कपाळावर टिकली लावते तिथेच पांढरा ठिपका झालाय बरोबर गोल! डॉक्टर म्हणाले टिकलीच्या गोंदाने. तुमचे दीर मनगटात रबरी बँड वगैरे घालतात का? आणि मासे खाऊन वर दूध घेत असतील तर ते आधी बंद करा, आमच्याकडे त्यानेच कोड होतं म्हणतात.

तात्या_निवृत्त
मी कुष्ठरोग तंत्रज्ञ म्हणून दापोली-मंडणगड भागात बरीच वर्षं वाड्या-वाड्या फिरलोय, म्हणून लिहितो. कोकणकन्याताई, टिकलीचं तुम्ही बरोबर सांगितलंत, तसं खरंच होतं, आधी टिकली बंद करा. मासे-दुधाचं मात्र काही नाही.

सूनबाई, तुमच्या पोस्टमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य फोडाचं आहे. भाजलं आणि कळलं नाही, हे शिबांत होत नाही आणि कोडातही होत नाही. शिबं बुरशीची, ती बहुतेक छाती, पाठ, मानेवर येतात, एकाच्या दहा होतात, नखाने हलकेच खरवडलं की पिठासारखा कोंडा निघतो. कोडाचा डाग खडूसारखा पांढराफेक, कडा स्पष्ट, कधी त्यातले केसही पांढरे होतात. पण दोन्हीकडे स्पर्श शाबूत असतो. कुष्ठरोगाचा सुरुवातीचा चट्टा पांढरा होत नाही, फक्त फिका किंवा तांबूस, कोरडा, केस विरळ, घाम येत नाही. तुमच्या दिरांचा रंग कसा आहे? पांढराच की नुसता फिका? आणि करंगळीला मुंग्या येतात का, बटण लावताना अडतं का, हे मुद्दाम विचारा.

काजूवाला_सावंतवाडी
तात्या, एवढं कशाला, चिमटा काढून बघा की. लागलं तर कुष्ठरोग नाही, संपला विषय. माझ्या मामांना असंच केलं होतं.

तात्या_निवृत्त
चिमटा काढू नका आणि सुईही टोचू नका. चिमट्याने खालचं मांस दाबलं जातं, ते कळतं, वरच्या कातडीचा हलका स्पर्श मात्र गेलेला असू शकतो. आधी तोच जातो, आणि गरम-गार कळणं जातं.

बघायची रीत सांगतो. साधं बॉलपेन घ्या. आधी त्यांना डोळे उघडे ठेवून चांगल्या कातडीवर टोक टेकवून दाखवा, कातडी जेमतेम दबेल इतकंच, ओढायचं नाही. सांगा, जिथे टेकलं तिथे दुसऱ्या हाताचं बोट ठेव. मग डोळे मिटायला लावा आणि क्रम न ठेवता कधी चट्ट्यात, कधी बाहेर, कधी दुसऱ्या हाताच्या त्याच जागी टेकवा. मधेच काहीच न टेकवता थोडं थांबायचं, कारण काही माणसं अंदाजानेच बोट ठेवतात. आणि 'कळलं का?' असं विचारायचं नाही, विचारलं की माणूस हो म्हणतो, हे मी शेकडो घरांत बघितलंय. चट्ट्यात वारंवार बोट येत नसेल किंवा भलतीकडेच पडत असेल आणि बाहेर बरोबर येत असेल, तर संवेदना कमी आहे असं समजायचं. फोडावर मात्र टेकवू नका.

काजूवाला_सावंतवाडी
बरं, पण बोट बरोबर आलं तर मग तरी नाही ना?

तात्या_निवृत्त
नाही, तेवढ्याने सुटत नाही. चेहऱ्यावर नसांचं जाळं दाट, तिथल्या चट्ट्यात संवेदना असूनही रोग असू शकतो. अगदी सुरुवातीच्या चट्ट्यातही असू शकते. आणि एका प्रकारात अंगभर अस्पष्ट, चकचकीत डाग असतात, त्यातही स्पर्श कळतो. म्हणून बधिरपणा असला तर मोठा पुरावा, नसला तर तपासणी तरीही करायची.

देवगडची_सून
तात्या, काल रात्री बसून केलं. ते आधी चिडले, मग तयार झाले. बाहेर प्रत्येक वेळी बोट बरोबर, डाव्या हातावरही बरोबर. चट्ट्याच्या मधोमध काहीच नाही, नुसते बसून राहिले, कडेला कधी कळलं कधी नाही. रंग पांढरा नाही, फिका तांबूसच. आणि करंगळीला मुंग्या येतात म्हणाले, गणपतीपासून, काजू सोलून हात अवघडतो म्हणून समजत होते. सासूबाईंना काय सांगू कळत नाही.

तात्या_निवृत्त
मग उद्याच प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, रत्नागिरीची वाट बघू नका. तिथे कोपराच्या आतल्या खोबणीतली नस चाचपतील, जाड झालीये का, दाबल्यावर दुखते का, आणि करंगळीची ताकद बघतील. गोळ्यांची पाकिटं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, सहा महिने किंवा बारा महिने, रोग किती आहे त्यावर. पहिल्या डोसनंतर लघवी लालसर होते, घाबरून गोळ्या बंद करू नका. करंगळीचं वेगळं ठासून सांगा डॉक्टरांना. नसेला सूज असेल तर त्याचं स्टेरॉइडचं औषध लवकर सुरू झालं तर ताकद परत यायची आशा असते, सहा महिने उलटले की कठीण. आणि ट्यूब बंद. असल्या ट्यूबमध्ये बऱ्याचदा स्टेरॉइड असतं, त्यानेच कातडी आणखी फिकी पडते, मग चट्टा वाचता येत नाही.

सासूबाईंना सांगा, औषध सुरू झालं की थोड्याच दिवसांत त्याच्यापासून दुसऱ्याला होत नाही. ताटवाटी वेगळी करायची काही गरज नाही.

बाबल्या_मालवण
बाय, माझा चुकला. टाकळो राहूंदे, डाक्तराकडे जा.

देवगडची_सून
जाऊन आलो. डॉक्टरांनी नस चाचपली, जाड आहे म्हणाले, हाताची ताकद तपासून लिहून घेतली. कानाच्या पाळीतून नमुना घेतला, रिपोर्ट यायचाय. घरच्या सगळ्यांना तपासायला येणार आहेत, रोग होऊ नये म्हणून एकदाच औषध देतात म्हणे. जावेच्या चार वर्षांच्या मुलाच्या गालावर दोन फिके डाग आहेत, जंताचे म्हणतात तसे. पेनने बघू का?

तात्या_निवृत्त
नको, एवढ्या लहान मुलाचं उत्तर धरता येत नाही. गालावरचे कोरडे फिके डाग बहुतेक साधे असतात, जंतांशी संबंध नाही, तेल-मलम लावलं की हळूहळू जातात. पण एकाच घरातला आहे, तर तपासणीला येतील तेव्हा त्याला पुढे करा, आणि डाग कधीपासून आहेत ते जावेला आठवून ठेवायला सांगा.

कोकणकन्या७९
माझा टिकलीचा ठिपका, तिथे स्पर्श कळतो. तरी दाखवू का?

तात्या_निवृत्त
दाखवा. कपाळ म्हणजे चेहराच.