मदत हवी आहे: एक्सेलमध्ये बेरीज दुकानात शून्य, मालकांच्या लॅपटॉपवर कोटींत! सर्क्युलर रेफरन्स कसा काढायचा?

यार्डातला_दिवाणजी

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानात हिशेब लिहितो. शेतकऱ्यांच्या पट्ट्यांची महिन्याची फाईल एक्सेलमध्ये ठेवतो. A तारीख, B शेतकरी, C रवे, D वजन, E क्विंटलचा दर, F रक्कम, G हमाली-तोलाई, H देणे. खाली एकूणची ओळ.

काल सौदे संपल्यावर एक पट्टी उशिरा आली म्हणून एकूणच्या वर एक ओळ घातली. बेरजेत ती पट्टी येईना, म्हणून आमच्या पोरानं फॉर्म्युल्यातली रेंज माऊसनं खाली ओढली. तेव्हापासून फाईल उघडली की सर्क्युलर रेफरन्सचा इशारा येतो, आणि OK केलं की F32 मध्ये 0. फॉर्म्युला असा आहे:

```
=SUM(F2:F32)
```

इथपर्यंत ठीक, काहीतरी चुकलंय एवढं कळतंय. पण हीच फाईल मालकांना मेल केली तर त्यांच्या लॅपटॉपवर इशारा नाही, काही नाही, आणि बेरीज 9,72,50,000! मालकांनी एका शेतकऱ्याच्या नावातली वेलांटी दुरुस्त केली तर ती 14,58,75,000 झाली. नाव बदलल्यावर बेरीज कशी बदलते? मालक म्हणतात फाईलला व्हायरस लागलाय. आठवड्याचं देणं द्यायचंय, कुणीतरी सांगा.

शिरोलीकर

भावा, सोपं आहे. File > Options > Formulas मध्ये जा आणि Enable iterative calculation वर टिक कर. इशारा परत येणार नाही. आमच्या फौंड्रीत सगळ्या मशिनींवर असंच करून ठेवलंय, कधी त्रास नाही.

उजळाईवाडीचा_बापू

रक्कम टेक्स्ट म्हणून सेव्ह झाली असेल. सेलच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दिसतो का बघा. माझ्या मुलाच्या फीच्या यादीत असंच झालं होतं, बेरीज शून्य. Convert to Number केलं की झालं.

मोडीवाचक

दिवाणजी, आधी शिरोलीकरांनी सांगितलेली टिक अजिबात करू नका. मालकांच्या लॅपटॉपवर तीच टिक आहे, म्हणून तर तिथं कोटी दिसताहेत.

तुमचा फॉर्म्युला F32 मध्ये बसलाय आणि F2 पासून F32 पर्यंत बेरीज मागतोय, म्हणजे उत्तरात स्वतःलाही धरतोय. टिक नसेल तर एक्सेल म्हणतं हे मला जमणार नाही, आणि 0 दाखवून गप्प बसतं. टिक असेल तर ते फेऱ्या मारतं. पहिल्या फेरीत पट्ट्यांची बेरीज F32 मध्ये येते. दुसऱ्या फेरीत पट्ट्या अधिक F32 मधला आधीचा आकडा, म्हणजे दुप्पट. तिसऱ्यात तिप्पट. Maximum Iterations ची मूळ सेटिंग 100 असते, म्हणून एका हिशेबात शंभरपट होऊन थांबतं. त्यानंतर कुठल्याही सेलमध्ये काही बदललं, अगदी नावातली वेलांटीसुद्धा, की एक्सेल पुन्हा हिशेब करतं आणि आणखी शंभरपट त्यात पडते.

तुमचेच आकडे घ्या. 14,58,75,000 मधून 9,72,50,000 वजा केले की 4,86,25,000 राहतात. त्याला 100 नं भागा, 4,86,250. माझ्या मते पट्ट्यांची खरी बेरीज तेवढीच असणार. पडताळून बघा: F2 ते F31 सिलेक्ट करा, F32 सोडून, आणि खाली स्टेटस बारवर Sum काय येतं ते इथं सांगा.

बापू, टेक्स्टमुळे बेरीज शून्य येते हे खरं आहे. पण तेव्हा सर्क्युलरचा इशारा येत नाही. इथं इशाऱ्यानं स्वतःच कारण सांगितलंय.

यार्डातला_दिवाणजी

स्टेटस बारवर बरोबर 4,86,250! आता फॉर्म्युला =SUM(F2:F31) केला, F32 मध्ये तोच आकडा आला. मालकांना व्हायरस नाही म्हणून फोन केला.

पण खाली डाव्या कोपऱ्यात अजून Circular References: G32 असं दिसतंय. G ला मी हातसुद्धा लावला नव्हता.

मोडीवाचक

पोरानं काल F32 ची रेंज ओढल्यावर तोच सेल कोपरा धरून उजवीकडे H पर्यंत ओढलं असणार. त्यामुळे G32 मध्ये G2:G32 आणि H32 मध्ये H2:H32 बसलं. एक्सेल तक्रार एका वेळी एकाच सेलची सांगतं. G32 नीट करा, मग H32 चं नाव येईल. आता नीट झालेला F32 धरून उजवीकडे ओढा, दोन्ही एकदम सुटतील. रवे आणि वजनाखालच्या बेरजाही बघा.

पत्ता पाहिजे असेल तर Formulas टॅबवर Error Checking च्या शेजारी छोटा बाण आहे, त्यात Circular References. तिथं दिसणाऱ्या सेलवर क्लिक केलं की थेट तिथं जाता.

एक धोका आहे. ही टिक फाईलबरोबर सेव्ह होते, आणि एक्सेल सुरू केल्यावर जी फाईल सर्वांत आधी उघडाल तिची सेटिंग पुढे उघडलेल्या सगळ्या फायलींना लागते. म्हणजे मालकांनी सेव्ह करून परत पाठवलेली फाईल तुम्ही सकाळी पहिली उघडलीत, तर तुमच्याही मशीनवर इशारा येणं बंद होईल. एवढ्या मोठ्या आकड्यावर कुणीतरी ओरडतं तरी, पण हमालीसारख्या छोट्या रकान्यात शंभरपट झाली तर पटकन लक्षात येणार नाही. त्यांची प्रत उघडलीत तर आधी टिक काढा, मग सेव्ह करा.

शिरोलीकर

मोडीवाचक सर, टिक वाईटच असती तर मायक्रोसॉफ्टनं दिली कशाला? आमच्याकडे मॅनेजरचा बोनस निव्वळ नफ्याच्या 10 टक्के, आणि निव्वळ नफा म्हणजे बोनस वजा जाऊन उरलेला. दोन्ही एकमेकांवर अवलंबून. टिकेशिवाय चालतच नाही, आणि उत्तर बरोबर येतं, सीएनं तपासलंय.

मोडीवाचक

तुमचं उत्तर बरोबरच येतंय. तुमच्या फेऱ्या स्थिरावतात: दर फेरीत फरक आधीच्या दहाव्या हिश्शावर येतो आणि लवकरच 0.001 च्या खाली जातो, तिथं एक्सेल थांबतं. दिवाणजींच्या बेरजेत दर फेरीत तेवढेच 4,86,250 पडत राहतात, ती कधीच स्थिरावणार नाही. टिक दोघांना सारखीच वागवते, भेद करत नाही.

तरी तुमच्या जागी मी टिक काढली असती. बोनसआधीचा नफा 11 लाख धरा. त्याला 10 नं गुणून 110 नं भागलं की 1 लाख बोनस, उरले 10 लाख, आणि त्याचे 10 टक्के 1 लाखच. एका फॉर्म्युल्यात काम होतं, आणि उद्या कुणाची बेरीज स्वतःला धरून बसली तर तुमच्या मशिनीवर इशारा तरी मिळेल.

शिरोलीकर

110 नं भागायचं पटलं. पण सगळ्या मशिनींवर टिक आहे, जुन्या फायलींत काय काय त्या जोरावर चाललंय ते आता कुणाला माहीत. बघतो.

कागलची_माही

आमच्या बचत गटाची वही गूगल शीट्सवर आहे. तिथं 0 येत नाही, सरळ #REF! येतं आणि त्यावर बोट ठेवलं की Circular dependency detected. मला ते बरं वाटतं, निदान शून्य बघून कुणी खरं तरी मानत नाही.

दादा, माझा प्रश्न वेगळा आहे. आमच्याकडेही दर मीटिंगला एकूणच्या वर नवीन सभासदाची ओळ घालावी लागते. ओळ घातली की कधी बेरीज आपोआप वाढते, कधी नाही. मग हातानं ओढायचं आणि परत तेच. यावर कायमचा उपाय काय?

मोडीवाचक

ताई, मूळ दुखणं तेच आहे. रेंजच्या मध्ये ओळ घातली तर रेंज वाढते. शेवटच्या ओळीच्या खाली आणि एकूणच्या वर घातली तर ती रेंजच्या बाहेर पडते. म्हणून तुम्हाला कधी चालतं, कधी नाही असं वाटतं. वरच्या ओळी एकसारख्या असतील तर एक्सेल कधी कधी आकडा टाकल्यावर स्वतःहून फॉर्म्युला वाढवून घेतं. त्यावर विसंबू नका.

एकूणच्या वर एक मोकळी ओळ ठेवा आणि ती रेंजमध्ये धरा. दिवाणजींच्या शीटमध्ये पट्ट्या 31 पर्यंत, 32 मोकळी, एकूण 33 मध्ये:

```
=SUM(F2:F32)
```

गंमत बघा, अक्षरशः तोच फॉर्म्युला, ज्यानं काल घोळ घातला. फक्त आता तो F33 मध्ये बसलाय. नवीन पट्टी आली की मोकळी ओळ सिलेक्ट करून तिच्या वर ओळ घाला. ती रेंजच्या आतच पडते, बेरीज आपोआप F2:F33 होते आणि एकूण 34 वर सरकतो. मोकळ्या ओळीची उंची कमी करून तिला करडा रंग द्या, म्हणजे कुणी त्यात लिहिणार नाही. लिहिलं तरी बेरजेत धरलं जाईल. मात्र कुणी नीटनेटकं करायच्या नादात ती काढून टाकली तर परत पहिल्यासारखं होईल.

यार्डातला_दिवाणजी

मोकळी ओळ घातली, नवी पट्टी टाकून बघितली, बेरीज बरोबर वाढली. लई भारी. F, G, H तिन्ही नीट.

पण आता कोपऱ्यात नुसतंच Circular References येतंय, सेलचं नाव नाही.

मोडीवाचक

म्हणजे या शीटवर नाही, त्याच फाईलच्या दुसऱ्या शीटवर किंवा दुसऱ्या उघड्या फाईलमध्ये आहे. पुढच्या महिन्याची शीट याच शीटची कॉपी करून ठेवली होती का?

यार्डातला_दिवाणजी

व्हय, काल संध्याकाळीच केली होती. तिथंही तीच भानगड सापडली, काढली. पण "उधारी" शीटवर अजून एक आहे. तिथं बेरीज नाहीच, व्यापाऱ्यांची येणी महिन्याच्या शीटवरून येतात आणि महिन्याच्या शीटवरची मागची बाकी उधारीवरून. हे कुणी कधी जोडलं ते दुकानात कुणालाच आठवत नाही.

मोडीवाचक

हे बेरजेचं प्रकरण नाही, दोन शीट एकमेकींकडे बघताहेत. मागची बाकी गेल्या महिन्याच्या शीटवरून यायला पाहिजे, चालू महिन्याच्या नव्हे. कुठली जोडणी तोडायची ते तुमच्या वहीतली आरंभीची बाकी बघूनच ठरवा, मी इथून सांगितलं तर चुकेल. दोन्ही सेलचे फॉर्म्युले इथं टाका.

उजळाईवाडीचा_बापू

हिरवा त्रिकोण नव्हताच का मग?