मदत हवी आहे: व्हिजिटिंग डॉक्टरचं उत्पन्न नेमकं किती धरायचं?

बायको त्वचारोगतज्ज्ञ आहे, एका हॉस्पिटलात व्हिजिटिंग जाते. पेशंटमागे ६०० रुपये फी, ती हॉस्पिटलच्या काउंटरवर जमा होते. त्यातले ३० टक्के हॉस्पिटलचे, उरलेले ४२० हिचे. मार्चमध्ये २१० पेशंट झाले, म्हणजे एकूण १,२६,००० आणि हिचा वाटा ८८,२००. पण त्यांनी १० टक्के टीडीएस पूर्ण १,२६,००० वर कापला, म्हणून बँकेत ७५,६०० च आले. २६एएसमध्येही मोठाच आकडा दिसतो.

टीडीएस रिटर्नमध्ये वळता होईल, त्याची चिंता नाही. पण ४४एडीएखाली निम्मी रक्कम नफा धरायची, ती ६३,००० की ४४,१००? त्या कलमात हॉस्पिटलचा वाटा वेगळा खर्च म्हणून दाखवता येत नाही ना! अकाउंटवाले म्हणतात, 'सगळ्यांचं असंच करतो.' करारात 'डॉक्टरला ७० टक्के देय' एवढंच लिहिलंय. त्यांच्याकडून टीडीएसची दुरुस्ती कुणी करून घेतलीय का?