स्नेहसंमेलनाचा व्हिडिओ ग्रुपवर जात नाहीये (सोसायटी ग्रुप)

निखिल: मंडळी, स्नेहसंमेलनाचा व्हिडिओ एडिट होऊन तयार आहे. ४२ मिनिटांचा झालाय. पण फाइल ७.९ जीबीची आहे आणि व्हॉट्सॲप ती घेतच नाही.

सुनीता काकू: अरे वा! टाक ना मग लवकर.

निखिल: काकू, तेच तर होत नाहीये 😅

जोशी काका: झिप करून पाठव. ऑफिसात आम्ही मोठ्या फाइली तशाच पाठवायचो.

निखिल: काका, झिप केली. ७.९ ची ७.९ च राहिली.

मेधाताई: राहणारच. काका, एक्सेलची शीट झिप केली की लहान होते, कारण तिच्यात तेच तेच पुन्हा पुन्हा असतं आणि झिप तेवढं आवळून टाकतं. व्हिडिओ कॅमेऱ्यातून निघतानाच आवळलेला असतो, एडिटरमधून निघताना पुन्हा आवळला जातो. झिपला आवळायला काही उरतच नाही.

प्रशांत: मग चार तुकडे कर. दोन दोन जीबीचे. डॉक्युमेंट म्हणून २ जीबीपर्यंत जातं.

मेधाताई: जातं, पण मग प्रत्येकाने आठ जीबी उतरवायचे? निम्म्या लोकांच्या फोनमध्ये तेवढी जागाच नसेल. निखिल, एक्सपोर्ट कशात केलंस?

निखिल: फोर के, ३० फ्रेम. बिटरेट सॉफ्टवेअरने स्वतःच २५ एमबीपीएस धरला होता.

मेधाताई: मग सगळा हिशोब तिथेच आहे. फाइलचा आकार म्हणजे बिटरेट गुणिले वेळ. ४२ मिनिटं म्हणजे २५२० सेकंद. दर सेकंदाला २५ मेगाबिट, म्हणजे ६३,००० मेगाबिट. ८ ने भागलं की ७,८७५ एमबी. तुझे ७.९ जीबी आले की नाही?

निखिल: हो की! मला वाटायचं रिझोल्यूशनवरच सगळं ठरतं.

मेधाताई: नुसतं रिझोल्यूशन उतरवलंस आणि बिटरेट २५ च ठेवलास तर फाइल तेवढीच येईल. रिझोल्यूशन उतरवायचं ते कमी बिटरेटमध्ये चित्र धड दिसावं म्हणून. फोर के पेक्षा ७२० पी मध्ये पिक्सेल बरोबर नऊपट कमी असतात. फोनच्या पडद्यावर फरक फारसा कळत नाही.

तर उलट्या बाजूने ये. फाइल साधारण ५०० एमबी हवी असं धर. ५०० गुणिले ८ म्हणजे ४,००० मेगाबिट, भागिले २५२०, म्हणजे सेकंदाला १.५८ मेगाबिट, म्हणजे १५८० केबीपीएस. त्यातले १२८ आवाजाला बाजूला काढ. चित्राला राहिले साधारण १४५०.

जोशी काका: आवाजाचेही कमी केले तर?

मेधाताई: ६४ केले तर ४२ मिनिटांत वाचतील जेमतेम २० एमबी, आणि गाण्यांची वाट लागेल. तिथे हात लावू नका.

निखिल: हे करायचं कशात?

मेधाताई: HandBrake घे, फुकट आहे. फाइल उघड, Fast 720p30 हा प्रीसेट निवड. मग Video टॅबमध्ये एन्कोडर H.264 (x264) च राहू दे. खाली Avg Bitrate निवडून १४५० टाक आणि Multi-Pass Encoding वर टिक कर. जुन्या आवृत्तीत त्यालाच 2-Pass म्हणतात. Audio टॅबमध्ये बिटरेट १२८ कर. जुन्या लॅपटॉपवर तासभर लागू शकतो, घाई करू नकोस.

प्रशांत: H.265 का नाही? निम्म्या आकारात तीच क्वालिटी येते म्हणतात.

मेधाताई: निम्म्यात अगदी नाही, पण लहान येते हे खरं. अडचण फोनची. काही जुन्या फोनवर H.265 चालत नाही, नुसता आवाज येतो आणि पडदा काळा. मग ग्रुपवर शंभर मेसेज येतील, "दिसत नाही, दिसत नाही". इथे सगळ्यांना दिसणं जास्त महत्त्वाचं.

सुनीता काकू: माझा फोन जुनाच आहे बाई, तू म्हणतेस तेच कर.

निखिल: ताई, सगळं करायच्या आधी समूहनृत्याचं एकच मिनिट काढून बघितलं. रंगीत दिवे लुकलुकतात तिथे चौकोन चौकोन दिसतात. चेहरेसुद्धा पुसटल्यासारखे. १४५० कमीच पडणार बहुतेक.

मेधाताई: थांब, तो निकाल फसवा आहे. सगळ्या प्रसंगांना सारखे बिट लागत नाहीत. फोटोंचा स्लाइड शो असतो तिथे चित्र हलतच नाही, त्यामुळे तिथे अगदी थोडक्यात भागतं. नाचात, लुकलुकत्या दिव्यांत प्रत्येक फ्रेम आधीच्या फ्रेमहून वेगळी, तिथे बिटांची चंगळ लागते. दोन फेऱ्यांच्या पद्धतीत पहिल्या फेरीत कुठे किती लागेल ते बघून ठेवतात आणि दुसऱ्या फेरीत स्लाइड शोचे वाचलेले नाचाला देतात. तू नुसतं नाचाचं मिनिट दिलंस, म्हणजे त्या मिनिटाला उसनं घ्यायला कुणीच नव्हतं.

निखिल: ओह. मग चाचणी घ्यायची कशी?

मेधाताई: शांत आणि धांदलीचे दोन्ही भाग येतील असा सलग तुकडा घे. स्लाइड शोचा शेवट आणि लगेच नृत्य आहे ना? तिथली पाच मिनिटं. वर Range मध्ये Seconds निवडून सुरुवात आणि शेवट टाकता येतो. आणि तुकडा फोनवर बघ, लॅपटॉपवर पूर्ण पडद्याने नको. लोक फोनवरच बघणार आहेत.

निखिल: पाच मिनिटांचा तुकडा बघितला. खूपच बरा आहे. दिवे एकदम बदलतात तिथे अजून थोडे चौकोन येतात.

मेधाताई: मग १८०० कर. ४२ मिनिटांना आवाजासकट साधारण ६०७ एमबी होईल. शंभर एमबी जास्त, पण नाचणाऱ्या पोरांचे आईवडील खूश राहतील. अंधारात फोनने काढलेल्या भागात दाणेदार कचरा दिसतो का?

निखिल: हो, मागच्या रांगेतून काढलेल्यात भरपूर.

मेधाताई: तो कचराही बिट खातो. तो दर फ्रेमला बदलतो, म्हणून एन्कोडरला ती हालचालच वाटते. Filters मध्ये Denoise चालू करून सगळ्यात हलका स्तर ठेव. जास्त लावलास तर चेहरे मेणाचे दिसतील.

निखिल: झालं, ६०५ एमबी आली! गॅलरीतून टाकतोय.

मेधाताई: नको!! गॅलरीतून टाकलास तर ॲप स्वतः पुन्हा आवळेल, नाहीतर कापायला लावेल. क्लिपचं चिन्ह दाब, Document निवड, तिथून mp4 फाइल उचल.

प्रशांत: आला! पण माझ्याकडे छोटं चित्र दिसत नाही, नुसतं फाइलचं नाव.

मेधाताई: डॉक्युमेंटचं असंच असतं. दाबा, उतरू द्या, मग चालेल. पुढे पाठवायचा असेल तर इथूनच फॉरवर्ड करा. फोनमध्ये साठवून गॅलरीतून पुन्हा पाठवलात तर समोरच्याला खराब मिळेल.

सुनीता काकू: उतरला गं. आवाजही येतोय, चित्रही येतंय. ते २३ व्या मिनिटाला स्टेजवर माझ्या पाठीमागे कोण उभं आहे?

जोशी काका: मीच तो. माझा माईक बंद होता म्हणून तिथे आलो होतो.

निखिल: मूळ ७.९ जीबीची फाइल मी हार्ड डिस्कवर ठेवतोय. टीव्हीवर बघायला कुणाला हवी असेल तर पेनड्राइव्ह घेऊन या. पेनड्राइव्ह FAT32 असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल घेणार नाही, आधी exFAT करून आणा.