ब्रेडमेकरमधला पाव बसला? तुमचेही अनुभव सांगा

आज माळा आवरताना जुन्या ब्रेडमेकरचं पातं हाती लागलं आणि पहिल्या पावाची सकाळ आठवली. रात्री टायमर लावला होता. यीस्ट थेट पाण्यात, वर पीठ. सात तासांनी झाकण उघडलं तर वीट! म्हणून पुढच्या खेपेला यीस्ट दुप्पट घातलं, दोन चमचे. काचेतून बघत बसले होते. पाव झाकणापर्यंत चढला आणि भाजायला लागल्यावर मधला भाग हळूहळू खाली गेला. कडा उंच, मध्ये खड्डा, आतून ओला. फार वाईट वाटलं होतं. तुमचं काय झालं?

– मीठ यीस्टला मारतं गं! मी आता मीठच घालत नाही.

– ताई, मीठ काढू नका. पावातलं मीठ यीस्टला मारत नाही, आवर घालतं. ते नसलं की पीठ भराभर फुगतं आणि तसंच बसतं. धागाकर्तीच्या दुसऱ्या पावाचंही तेच झालं, यीस्ट जास्त. पाणी किती होतं?

– ५०० ग्रॅम मैद्याला ३५० मिली. (धागाकर्ती)

– मग थोडं जास्तच. ३२० ने सुरुवात करा, यीस्ट एकच चमचा, तेही पाण्यात नाही, सगळ्यात वर पिठावर. मळायला लागून दहा मिनिटं झाली की झाकण उघडून बघा. गोळा भांड्याच्या कडा सोडून गोल फिरत असेल तर बरोबर. तळाशी चिखलासारखा पसरत असेल तर चमचाभर पीठ घाला. उन्हाळ्यात गार पाणी घ्या.

– माझा केकही मध्ये बसतो, ओव्हन लवकर उघडते म्हणून का?

– केकचा धागा वेगळा काढा हो :)

– आमच्या मशीनच्या पुस्तिकेत यीस्ट सगळ्यात खाली घालायला सांगितलंय! मग खरं काय?

– दोन्ही खरं. त्यात पाणी सगळ्यात वर असतं ना? मळणं सुरू होईपर्यंत यीस्ट कोरडं राहिलं पाहिजे, एवढंच. टायमर लावला तर हे फार महत्त्वाचं. लगेच मळणार असाल तर क्रमाने विशेष फरक पडत नाही.

– माझं पातं दर वेळी पावात अडकून येतं, काढताना बुडाला भगदाड! आणि कधी दांड्यावरच घट्ट बसतं.

– दांड्यावर बसलं की भांड्यात कोमट पाणी घालून वीस मिनिटं ठेव, मग हलकेच फिरव. सुरी घालू नकोस, लेप निघतो. पुढच्या वेळी पातं बसवण्याआधी दांड्याला तेलाचं बोट लाव. मी तर शेवटचं मळणं झालं की ओल्या हाताने पातं काढूनच घेते, भगदाडाचा प्रश्नच नाही.

– कुकर झाला, पळते. पण यीस्ट जिवंत आहे का ते कसं बघायचं?

– अर्धी वाटी कोमट पाणी, चमचाभर साखर, चमचाभर यीस्ट. दहा मिनिटांत फेस आला तर जिवंत. पाण्यात बोट सहज ठेवता आलं पाहिजे, कढत नको.

– हे सगळं करूनही माझा निव्वळ कणकेचा पाव बुटकाच राहतो. कुणाचा उंच झालाय का?